पुऱ्या कोण तळतंय?

मुलीला बघायला, किंवा आता म्हणतात तसं 'भेटायला', मुलाकडची माणसं पहिल्यांदा घरी येतात, त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कोण उभं असतं, एवढंच मला या लेखात विचारायचं आहे. पदार्थ कोणते करावेत हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या ताईनेही तोच विचारला, गेल्या फेब्रुवारीत, फोनवर, रात्री साडेदहाला. 'रविवारी सहा जण येतायत. काय करू?' मी उत्तर द्यायच्या आत तिने स्वतःच यादी सांगितली. पनीरची रस्साभाजी, मटार-उसळ, पुऱ्या, जिरा राईस, दालफ्राय, दहीवडे, गुलाबजाम, शिवाय 'आपलं काहीतरी' म्हणून अळूवडी. आठ पदार्थ. त्यांतले चार ऐनवेळी तळायचे नाहीतर गरम करायचे. मी म्हटलं, 'ताई, मग तू त्यांना भेटणार कधी?' ती म्हणाली, 'मी आहेच की घरात.'

घरात आहेच की. हे वाक्य मी याआधीही ऐकलेलं आहे.

1998 साली ताईला बघायला माणसं आली तेव्हा मी कॉलेजात होते. तात्यापाऱ्याजवळचं आमचं घर, दोन खोल्या आणि मागे लांबट स्वयंपाकघर. आईने पुऱ्यांचा घाट घातला होता. आठ पाहुणे, माणशी पाच-सहा पुऱ्या, आणि पुरी फुगलेली पानात पडली पाहिजे हा हट्ट. मी लाटत होते, आई तळत होती, धाकटा भाऊ ताटली घेऊन बाहेर-आत पळत होता. पाऊण तास हे चाललं. त्या पाऊण तासात बाहेर ठरलं की लग्न त्यांच्या गावी होईल, कार्यालय त्यांनी निवडलेलं असेल, आणि खर्च आमच्याकडे. बाबांनी मान हलवली होती. माणूस भिडस्त, समोरच्याचं पान वाढलेलं असताना नाही म्हणणं त्यांना जमत नसे. आई हात पुसत बाहेर आली तेव्हा बडीशेप फिरत होती. तिने विचारलं, 'काय ठरलं?' तिला सांगण्यात आलं. तिने ऐकून घेतलं, कारण तोवर ते ठरलेलं होतं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, ती फेडायला चार वर्षं लागली. 1961च्या कायद्यात ज्याला हुंडा म्हणतात तसलं त्यात काही नव्हतं. सगळं सभ्य, हसतखेळत. पुऱ्या छान झाल्या होत्या असं पाहुण्यांनी जाताना दोनदा सांगितलं.

त्या दिवशी आई बाहेर बसलेली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पण ती विचारणारी बाई होती. भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी भांडणारी बाई चाळीस हजारांच्या वेळी तेलाजवळ उभी होती, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

म्हणून ताईच्या यादीवर मी उखडले. माझा मुद्दा साधेपणाचा नाही, हे आधीच सांगते. 'छाप पाडायची गरजच काय, वरण-भात करा, माणसं महत्त्वाची' असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. हे बहुतेक ज्यांना स्वयंपाक करायचा नसतो तेच म्हणतात. पहिल्या भेटीत छाप पाडायचीच असते. मुलाकडचे आपल्याला जोखत असतात आणि आपणही त्यांना जोखत असतो. तेव्हा पानात एकतरी गोष्ट अशी हवी की घरी जाताना गाडीत तिचा विषय निघेल. प्रश्न असा आहे की त्या छापेसाठी लागणारी मेहनत कुठल्या तासाला करायची.

मेहनत दोन प्रकारची असते. एक आदल्या दिवशीची, जी कुणाला दिसत नाही. दुसरी ऐनवेळची, जी सगळ्यांना दिसते. पुरी, भजी, गरम फुलका ही दुसरी. आपल्याकडच्या आगतस्वागताचा सगळा भर या दुसरीवर आहे, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. पुरी चवीला मोठी असते म्हणून आपण ती करत नाही. घरातली बाई आपल्यासाठी राबते आहे हे पाहुण्यांना दिसावं म्हणून करतो. तव्यावरून थेट पानात आलेला फुलका म्हणजे दर दीड मिनिटाला दिलेली एक पावती असते. अकरा माणसं, माणशी तीन फुलके, एकट्याने लाटायचे आणि भाजायचे, म्हणजे पन्नास मिनिटं. तेवढ्यात जेवण संपतं. तुमच्या मुलीच्या आयुष्याबद्दलची पहिली बोलणी त्या पन्नास मिनिटांत होतात, आणि तिची आई त्या खोलीत नसते.

'मग बाहेरून मागवा ना,' असं भाऊजींचं म्हणणं होतं. रायपुरात आता ते सोपं आहे. फोन केला की चाळीस मिनिटांत पनीर दारात. यालाही माझा विरोध आहे, पण वेगळ्या कारणासाठी, आणि इथे माझा धंदा आडवा येतो. मी अनुवाद करते, मराठीतून हिंदीत आणि उलटही. आमच्या धंद्यात एक भाषा असते जी कुणाचीच नसते: गुळगुळीत, कुठेही खपणारी, जिच्यात नगरीचा शेतकरी आणि नागपूरचा वकील एकसारखंच बोलतात. पनीर बटर मसाला ही ती भाषा आहे. तो वाईट लागत नाही, हाच त्याचा दोष. जालंधरपासून मदुराईपर्यंत तो तसाच लागतो आणि वाढणारी माणसं कोण आहेत याबद्दल एक अक्षर बोलत नाही. दोन घरं पहिल्यांदा एकमेकांसमोर बसतात तेव्हा दोघांनीही तिसऱ्याच कुणाचं जेवण जेवायचं, हे मला चमत्कारिक वाटतं. (बाहेरून सामोसे आणायला माझी हरकत नाही. चहाबरोबर सामोसा हा रायपुरात जवळजवळ शिष्टाचार आहे आणि तो घरी करण्यात काही पुरुषार्थ नाही.)

आणि अळूवडी? ती तर मला पनीरपेक्षाही खटकली. आमचं घराणं रायपुरात केव्हा आलं याची नेमकी तारीख कुणाकडे नाही, पण आम्ही नागपूरकर भोसल्यांच्या मागून आलेल्यांपैकी. 1741मध्ये भास्करपंत रतनपूरवर चालून आला, 1758पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागला, आणि 1854मध्ये नागपूरचं राज्यच इंग्रजांनी खालसा केलं. त्या शतकात कारकून, शिलेदार, भिक्षुक, आचारी असे लोक इकडे आले आणि राहिले. आमच्या घरात कोथिंबिरीला अजून सांबार म्हणतात. आमच्या घरात अळूवडी कधीही झालेली नाही. ती ताईने पुण्याच्या नणंदेकडे खाल्ली आणि तेव्हापासून 'आपलं' म्हणजे ते, असा तिचा समज झाला. परगावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला ही एक व्याधी असते. स्वतःच्या घरातला पदार्थ त्याला गावठी वाटतो आणि पुण्या-मुंबईचा पदार्थ अस्सल. ज्या गावात माधवराव सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदी वाचकांच्या हाती दिलं, तिथल्या मराठी माणसाने तरी आपलं काय आणि उसनं काय याबद्दल थोडं सावध असावं.

असो. ताईशी भांडून झाल्यावर मी तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, मुलाच्या आईला फोन करून विचारायचं की काय खाता, काय खात नाही. ताईला हे कमीपणाचं वाटलं. आपण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं दिसतं म्हणे. मी म्हटलं, दिसू दे. फोन झाला आणि तीन गोष्टी कळल्या, ज्यांतली एकही आम्ही ओळखली नसती: आजी कांदा-लसूण खात नाहीत, वडिलांना मधुमेह आहे, आणि मंडळी भाटापाऱ्याकडची, म्हणजे रात्रीच्या जेवणात भात नसेल तर ते जेवण झालं असं मानत नाहीत. ताईच्या यादीतला दालफ्राय, पनीरची भाजी आणि मटारउसळ, तिन्ही आजींच्या पानातून बाद. गुलाबजाम वडिलांच्या.

दुसरी गोष्ट, दोनच पदार्थांवर जीव टाकायचा: गोळाभात आणि श्रीखंड. बाकी सगळं दुय्यम.

गोळाभात वैदर्भी घरांबाहेर फारसा माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यायचा. बाजारातलं बारीक बेसन नाही. अकरा माणसांना, पोळ्याही असताना, आठशे ग्रॅम तांदूळ आणि चारशे ग्रॅम भरडा पुरतो. भरड्यात हळद, तिखट, मीठ, जिरं, हिंग आणि अर्धी वाटी कडकडीत तेलाचं मोहन. हे मोहनच सगळं ठरवतं. ते कमी पडलं तर गोळा कोरडा होतो आणि घशात बसतो; पाहुण्यांना दर घासाला पाणी प्यावं लागतं आणि कुणी काही बोलत नाही. मुठीत दाबून भरडा नुसत्या तेलानेच थोडा धरून राहू लागला, पण बोट लावताच सुटला, की मोहन पुरे. मग हात ओला करून जेमतेम पाण्यात बांधायचा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा, कारण जाड भरडा पाणी सावकाश पितो. लगेच गोळे वळले तर ते भातात फुटतात. लिंबाएवढे गोळे, मुठीत घट्ट दाबलेले, बोटांचे वळ दिसले तर दिसू द्यावेत.

भात उघड्या पातेल्यात चढवायचा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं, शितं जवळजवळ शिजली पण अजून कणी आहे, अशा वेळी गोळे वर मांडायचे, घट्ट झाकण, मंद आच, बारा मिनिटं. वाफेवर गोळे शिजतात आणि त्यांच्यातलं तिखट-तेल थोडं भातात उतरतं. एक गोळा फोडून बघायचा: आतला रंग बाहेरच्यासारखा आणि कण मोकळे असतील तर झाला, मध्ये ओलसर, गडद ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. पानात भात वाढायचा, त्यावर गोळा कुस्करायचा, आणि वरून मोहरी, हिंग, सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी. सोबत कढी. यात कांदा नाही, लसूण नाही. आणि गॅस बंद केल्यावर झाकण न काढता तो पातेल्यात अर्धा तास गरमच राहतो. माझ्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

तांदळावरून मात्र माझी आणि ताईची पुन्हा जुंपली. तिला बासमती हवा होता, पाहुण्यांसाठी म्हणून. भाटापाऱ्याच्या माणसांना बासमती वाढायचा? ज्या प्रदेशाला धानाचं कोठार म्हणतात तिथून ही मंडळी येणार. मी नगरीचा दुबराज आणला, आखूड दाण्याचा आणि शिजताना खोलीभर वास सोडणारा. 2023मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही इथल्या घरांत तो सणावारीचा तांदूळ होताच. एक अडचण खरी आहे: दुबराज मऊ होतो, आणि गोळाभाताला मोकळा भात लागतो. जुना तांदूळ मिळाला तर उत्तम. आमच्याकडे नवा होता, म्हणून शुक्रवारी एक वाटीचा करून बघितला. दुप्पट पाण्यात गिचका झाला. पावणेदोन पट पाण्यात, अर्धा तास निथळून ठेवलेल्या तांदळाचा, बरा झाला. पहिल्यांदा येणाऱ्या माणसांवर कुठलाही पदार्थ पहिल्यांदा करून बघू नये, एवढं तर सगळेच मान्य करतील. पण हाताखालचा पदार्थ नव्या तांदळाने करणं हाही पहिलाच प्रयोग असतो, हे विसरायला होतं.

श्रीखंडाचं काम शुक्रवारी रात्रीच सुरू झालं. तीन लिटर सायीच्या दुधाचं दही विरजलं, शनिवारी सकाळी पंचात बांधलं. रायपुरात फेब्रुवारीतही दुपार तापते आणि दिवसभर खुंटीला टांगलेलं दही आंबतं; म्हणून ते चाळणीत ठेवून, खाली पातेलं देऊन, फ्रिजमध्ये. वर पाण्याने भरलेला तांब्या वजनाला. संध्याकाळपर्यंत साधारण किलोभर चक्का निघाला. चक्का तयार आहे हे कळायचं कसं? बोटाने दाबला की खळगा तसाच राहतो आणि पंचाच्या बाहेरच्या बाजूला ओल हाताला लागत नाही. इथे घाई केली की नंतर उपाय नाही, कारण साखर चक्क्यातलं उरलेलं पाणी ओढून घेते आणि संध्याकाळी घट्ट वाटणारं मिश्रण सकाळी चमच्यावरून ओघळतं. पुष्कळ जण मग ते मिक्सरमधून काढतात. त्याने ते आणखी पातळ होतं.

साखर घालण्याआधी एक वाटीभर चक्का बाजूला काढला, मुलाच्या वडिलांसाठी. त्यात नुसती वेलची आणि केशर. उरलेल्यात पाऊणपट साखर मिसळून दोन तास ठेवली आणि मग पुरणयंत्रातून काढलं. चारोळी वर घातली, आणि इथे मला माझा आवडता वाद घालू द्या. श्रीखंडावरची चारोळी ही मराठी सणाची खूण म्हणून आपण ओळखतो. पण चार नावाच्या झाडाचं हे बी बस्तर, जशपूर, सरगुजाच्या जंगलांत माणसं वेचतात, फोडतात आणि बाजारात आणतात. पुण्यात श्रीखंड करणाऱ्या बाईच्या वाटीत छत्तीसगडचं जंगल असतं आणि तिला ते ठाऊक नसतं. आमच्या पाहुण्यांना ठाऊक होतं. आजींनी पहिल्यांदा बोटाने चारोळीच उचलली.

बाकीचं पटकन सांगते. भरली वांगी, तीळ-खोबरं-दाण्याचं सारण, कांद्याविना, रविवारी सकाळीच करून ठेवली. ती संध्याकाळपर्यंत मुरतात आणि दुसऱ्यांदा गरम केलेली अधिक चांगली लागतात. लाल भाजी, जी इथल्या बाजारात ढिगाने असते, सुक्या मिरचीवर परतली. कढी संध्याकाळी पाचला. ती पुन्हा तापवताना फुटते अशी ताईला धास्ती होती. ताकाला बेसन नीट लावलं असेल, मीठ शेवटी घातलं असेल आणि तापवताना ढवळत राहून उकळी फुटू दिली नाही, तर फुटत नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ वाढताना.

राहिल्या पोळ्या. मी फुलके रद्द केले आणि घडीच्या पोळ्या करायला लावल्या. फुलका तव्यावरून उतरला की दहा मिनिटांत चामट होतो. घडीच्या पोळीच्या आत तेलाचा पदर असतो, ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की तीन-चार तास मऊ राहते. पाच वाजता तेवीस पोळ्या झाल्या, डबा बंद. भाताचं घर असल्याने माणशी दोनच धरल्या होत्या, आजी पोळी खात नाहीत हे फोनवरच कळलं होतं, म्हणून तीन वर राहणार होत्या.

इथे एक प्रामाणिक कबुली. त्या पोळ्या ताईने केल्या नाहीत. तिच्याकडे येणाऱ्या बाईंनी केल्या, जास्तीचे पैसे घेऊन, आणि साडेपाचला त्या घरी गेल्या. त्यांना नऊपर्यंत थांबवून गरम फुलके करून घेणं शक्य होतं. पुष्कळ घरांत हल्ली तेच होतं, आणि घरची बाई बाहेर गप्पा मारायला मोकळी झाली म्हणून आपण सुधारलो असं समजतात. तव्याजवळ कुणीतरी उभं आहेच. माझा आक्षेप ताईच्या उभं राहण्यापुरता असता तर तो फार मोठा आक्षेप नव्हता.

मंडळी सातला आली. भात सव्वासातला चढला, साडेसातला मी आत जाऊन गोळे ठेवले, पावणेआठला गॅस बंद. ताई सातपासून बाहेरच होती, आणि तिला ते जमत नव्हतं. दर पाच मिनिटांनी उठायची, पाणी बघायची, उशी सरळ करायची. पंचवीस वर्षांची सवय. मी तिच्या शेजारी बसून एकदा तिचा पदर धरला, अक्षरशः.

वाढायच्या वेळी दुसरी अडचण. आमच्याकडे मुलीकडच्यांनी पाहुण्यांचं होईपर्यंत वाढायचं, आग्रह करायचा आणि मागून जेवायचं. पंगतीची ती रीत असेल. टेबलाभोवती तिला काही अर्थ नाही. सगळ्या वाट्या मध्ये मांडल्या आणि अकराही जण एकदम बसलो, चार जण टेबलाला आणि बाकीचे पाटावर-सोफ्यावर. मुलाच्या काकांना ते जरा विचित्र वाटलं. 'आप लोग भी अभी?' असं त्यांनी विचारलंच. भाऊजी म्हणाले, 'भात ठंडा हो जाएगा।' हे त्यांनी आयत्या वेळी काढलेलं कारण, पण त्यावर कुणाचं काही चाललं नाही.

ऐनवेळची मेहनत एकच ठेवली होती, फोडणी, तीन मिनिटांची, आणि ती मी भाऊजींवर सोपवली होती. पहिली वाया गेली. त्यांनी धूर निघालेल्या तेलात हिंग आधी टाकला आणि तो काळा पडून कडू वास सुटला. पाहुण्यांत हशा. दुसऱ्यांदा मोहरी तडतडू दिली, गॅस बंद केला, मग हिंग, मग मिरच्या, आणि पळी तशीच चरचरत आणून एकेकाच्या भातावर ओतली. ती दाद पुरीला कधी मिळालेली मी पाहिलेली नाही. आजींनी गोळा कुस्करला, कढी घेतली, दोन घास खाल्ले आणि आपल्या सुनेकडे बघून म्हणाल्या, 'हमर डुबकी कस लागथे.' डुबकी म्हणजे छत्तीसगडी घरांत कढीत शिजवतात ते डाळीचे गोळे. आमच्याकडे गोळे भातात आणि कढी शेजारी, त्यांच्याकडे गोळे कढीत आणि भात शेजारी. मला वर्षानुवर्षं अनुवाद करून जे क्वचित साधतं ते तिथे एका घासात झालं, आणि ते पनीरने झालं नसतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पातेल्याच्या कडेचे चार-पाच गोळे कोरडेच राहिले. वाफ कडेला कमी पोचते हे मला ठाऊक असायला हवं होतं. पोळ्या तीनऐवजी सात उरल्या. आणि मुलाच्या वडिलांनी बिनसाखरेची वाटी बाजूला सारून सरळ श्रीखंड घेतलं, दोनदा, बायको बघत असताना.

मग तो विषय निघाला. जेवण अर्ध्यावर असताना, काकांनीच काढला, तो नेहमी काढला जातो तसा सहज: भाची भिलाईला नोकरी करते, लग्नानंतर भाटापाऱ्याहून रोज जाणं-येणं काही जमायचं नाही, तर 'देख लेंगे, बाद में छोड़ भी सकती है।' भाऊजींनी घास चावता चावता मान हलवायला सुरुवात केली होती. मी ती मान ओळखली. ती बाबांची मान होती. ताई त्यांच्या समोर बसली होती, हातात कढीची वाटी. ती म्हणाली, 'नहीं भैया, नौकरी नहीं छोड़ेगी। रहना कहाँ है, वो ये दोनों तय करें।' आवाज चढवला नाही. मग वाटी पुढे करून विचारलं, 'कढ़ी और दूँ?' काकांनी कढी घेतली. मुलाच्या आई म्हणाल्या की मुलगाही भिलाईत खोली बघतो आहे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का? त्यावर त्यांच्यातच जरा बोलाचाली झाली, आणि आम्ही भात घेत राहिलो.

आता मार्चअखेरीला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आहे. उडदाचा बरा करणार म्हणाल्या, गरम गरम, सोबत टमाट्याची चटणी. ऐकायला छान वाटलं, पण मी फोन केलाच. म्हटलं, 'दीदी, तळणार कोण? आम्ही दहा जण आहोत.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हसल्या. म्हणाल्या, मग दहीबडाच करते. तो आदल्या रात्री भिजवून ठेवता येतो.